‘सगळेच प्रेषित आहेत काय?’ यातला नकार मराठीत कसा आणावा?

प्रश्न : बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (12:29) ‘सगळेच प्रेषित आहेत काय?’ असं वाचलं की पौल खरोखरच विचारतोय असं वाटतं. मुळात ‘नाहीत’ असं म्हणायचं असेल, तर मराठीत तो सूर कसा आणायचा? आणि उद्गारांचं काय?

उत्तर : मूळ ग्रीकमध्ये इथे संदिग्धता नाही. प्रश्नात ‘मे’ हा निपात, म्हणजे सूर दाखवणारा छोटा शब्द, असला तर उत्तर ‘नाही’ अपेक्षित असतं, ‘ऊ’ असला तर ‘हो’. ऐकणाऱ्याला कल आधीच कळलेला असतो. आपलं ‘काय’ मात्र तटस्थ आहे. ‘पाऊस पडतोय काय?’ यावर दोन्ही उत्तरं चालतात. म्हणून ‘मे’च्या जागी नुसतं ‘काय’ ठेवलं की कल गळतो आणि माहिती विचारणारा कोरा प्रश्न उरतो.

मराठीत ‘मे’चं काम करणारा खरा शब्द ‘थोडाच’. तो लिंग-वचनाप्रमाणे बदलतो : थोडाच, थोडीच, थोडेच. ‘सगळे थोडेच प्रेषित असतात?’ म्हटलं की ‘नाही’ ऐकू येतं. ‘सगळेच थोडेच’ मात्र लिहू नये. दोन ‘च’ एकमेकांच्या पायात येतात.

पण 12:29-30 मध्ये असे सात प्रश्न ओळीने आहेत आणि प्रत्येकाची सुरुवात ‘मे’ आणि ‘सगळे’ या जोडीने होते. सातही ठिकाणी ‘थोडेच’ घातलं तर ते ओट्यावरच्या भांडणासारखं वाटेल. पहिल्या प्रश्नात एकदा कल ठरवून द्यावा आणि पुढे फक्त ‘सगळे’ ठेवावं : ‘सगळे थोडेच प्रेषित असतात? सगळे संदेष्टे? सगळे शिक्षक?’ शेवटच्या तीन प्रश्नांत मुळातही क्रियापद आहे, तिथे ते पुरतं लिहावं : ‘सगळ्यांनाच का रोग बरे करण्याची देणगी असते?’ इथला ‘का’ ‘सगळ्यांनाच’ला चिकटून आला म्हणून नकार देतो. तोच ‘असते का?’ असा शेवटी गेला की प्रश्न पुन्हा कोरा.

काही वाक्यांना निपाताची गरजही नसते. मत्तय 7:9 ची मांडणीच अशी आहे : ‘तुमच्यात असा कोण आहे, की मुलाने भाकर मागितली तर त्याच्या हातावर दगड ठेवील?’ ‘असा कोण आहे, की’ यातच ‘कुणी नाही’ आलं. वर ‘थोडाच’ टाकणं म्हणजे झाकणावर झाकण.

‘ऊ’च्या बाजूला उलटी चूक होते. मत्तय 13:55 मध्ये गावकरी येशूबद्दल म्हणतात, ‘हा सुताराचा मुलगा नाही काय?’ हे छापील मराठी झालं. बोलणारा म्हणेल, ‘हा त्या सुताराचाच मुलगा ना?’ त्या ‘ना’मध्ये होकारही आहे आणि ‘मग एवढा शहाणा कुठून झाला?’ ही कुरबुरही.

आता नियम जिथे फसतो ती जागा. योहान 4:29 मध्ये शोमरोनी स्त्री गावकऱ्यांना येशूबद्दल सांगते, तिथे ‘मेती’ आहे, म्हणजे ‘मे’चंच वाढीव रूप. नियम डोळे मिटून लावला तर ‘हा थोडाच ख्रिस्त आहे?’ होईल आणि पुढच्याच ओळीत गाव त्याला बघायला का निघतं, ते कळणार नाही. इथे नकार नाही. आशा आहे, पण बोलायची भीड आहे. मराठीत तिच्यासाठी तयार साचा आहे : ‘हाच ख्रिस्त तर नसेल ना?’ गीतेत (6:38) अर्जुन योगातून ढळलेल्या माणसाबद्दल ‘कच्चित्’ने विचारतो तिथेही हाच साचा उलट्या बाजूने बसतो, कारण तिथे आशेऐवजी धास्ती आहे : ‘फाटलेल्या ढगासारखा तो नाश तर पावत नाही ना?’ तेव्हा निपात बघितल्यावर पुढची ओळही बघावी.

उद्गारांचं एकच उदाहरण देतो, कारण घोळ तिथेच जास्त होतो. ग्रीक ‘ऊआय’ला सरसकट ‘धिक्कार असो’ लावतात. मत्तय 23 मध्ये शास्त्री-परूशांवर राग आहे, तिथे ते खपतं. पण 24:19 मध्ये तोच उद्गार संकटाच्या दिवसांतल्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी आहे. त्यांचा कसला धिक्कार? त्यांना पळता येणार नाही, हे सांगताना जीव कळवळतोय. तिथे ‘अरेरे, त्या दिवसांत गरोदर बायकांचे केवढे हाल होतील!’ हेच मराठी. दोन्हीकडे एकच प्रतिशब्द ठेवायचा हट्ट असेल तर ‘हाय हाय’ कसंबसं चालतं, पण मोर्च्यातल्या घोषणांनी त्याचा सूर आता बिघडवला आहे.