'इन्फ्लेशन' म्हणजे फुगवटा की चलनवाढ? आणि पीकला शिखर म्हणावं का?

प्रश्न: "जीवॉसचा पेपर वाचतेय, त्यात मॅनहॅटन प्लॉटवर 'पीक' आणि क्यूक्यू प्लॉटखाली 'इन्फ्लेशन, लॅम्डा 1.10' असं आहे. पीकला शिखर म्हणू का? आणि इन्फ्लेशनला डिक्शनरी चलनवाढ म्हणते, ते तर नक्कीच नसणार ना?"

चलनवाढ अजिबात नाही, 'फुगवटा' म्हणा. शिखर चालेल, पण एका अटीवर, की ते एकट्या ठिपक्याला म्हणायचं नाही.

जीवॉस म्हणजे आजाराशी किंवा गुणधर्माशी जोडलेले एसएनपी, म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक, सगळ्या जीनोमभर शोधणारा अभ्यास. त्याच्या मॅनहॅटन प्लॉटवर प्रत्येक ठिपका म्हणजे एक एसएनपी, आडव्या अक्षावर क्रोमोसोम ओळीने मांडलेले असतात आणि उभ्या अक्षावर -log10(p), म्हणजे पी-व्हॅल्यू जितकी लहान तितका ठिपका वर. संबंध मान्य करायची आडवी रेष साधारण 7.3 वर असते कारण 5×10⁻⁸ ची उंची तेवढी येते, आणि हा आकडा आला 0.05 ला सुमारे दहा लाख स्वतंत्र चाचण्यांनी भागून. आता शेजारशेजारचे एसएनपी बहुतेक वेळा एकत्रच वारशात येतात (लिंकेज डिसइक्विलिब्रियम), त्यामुळे खरा संबंध असेल तर वरच्या ठिपक्याखाली त्याचे शेजारीही थोडे थोडे वर आलेले दिसतात, खालून वरपर्यंत ठिपक्यांचा खांब उभा राहतो, आणि त्या खांबाला शिखर म्हणायचं. रेषेच्या वर एकटाच ठिपका आणि खाली काहीच नाही असं दिसलं तर आधी संशय घ्या, बऱ्याचदा जीनोटायपिंगची चूक असते किंवा अ‍ॅलील फारच दुर्मिळ असतो, आणि कधीकधी त्या भागात शेजारी एसएनपी मोजलेलेच नसतात. आणि हो, टोकावरचा एसएनपी म्हणजेच कारण असंही नाही, तो ज्या जीनमध्ये बसलाय तो जीनही कारण असेलच असं नाही. एफटीओ जीनमधलं लठ्ठपणाचं शिखर 2007 साली सापडलं, पुढच्या कामात मात्र त्या जागेचा परिणाम बराच लांब असलेल्या आयआरएक्स3 आणि आयआरएक्स5 या जीनांवर होतो असं दिसलं.

आता फुगवटा. शिखर एका जागेचं असतं, फुगवटा सगळ्या जीनोमभर असतो, म्हणून तो मॅनहॅटनवर डोळ्यांना नीट कळत नाही, क्यूक्यू प्लॉट त्यासाठीच. तिथे 'काहीच संबंध नसता तर' अपेक्षित पी-व्हॅल्यू एकीकडे आणि प्रत्यक्ष आलेल्या दुसरीकडे. ठिपके तिरप्या रेषेला धरून चालले आणि शेवटी शेपटीपाशीच वर उडाले तर छान, ती शिखरं आहेत. पण सुरुवातीपासूनच रेष सोडून वर चालले असतील तर मधलेसुद्धा एसएनपी फुगलेत.

लॅम्डा हा त्याच मधल्या भागाचा आकडा आहे, आलेल्या काय-स्क्वेअरचा मीडियन भागिले अपेक्षित मीडियन (0.455). आरमध्ये एवढंच:

```r
x <- qchisq(d$P, df = 1, lower.tail = FALSE)
median(x) / qchisq(0.5, df = 1)
```

मीडियन पी-व्हॅल्यू 0.5 ऐवजी 0.48 आली तरी लॅम्डा 1.10 होतो, म्हणजे दिसायला किरकोळ फरक. पण टोकाला तो जाणवतो. 10⁻⁸ वाल्या एसएनपीचा काय-स्क्वेअर 32.8, त्याला 1.10 ने भागलं (याला जीनोमिक कंट्रोल म्हणतात, 1999 पासूनची युक्ती) की 29.9 उरतो आणि रेष आहे 29.7 वर, म्हणजे कसाबसा वाचला. 2×10⁻⁸ वाला मात्र गेला.

पण भागायचं का हा खरा प्रश्न, कारण फुगवटा दोन कारणांनी येतो. एक म्हणजे रुग्ण आणि कंट्रोल वेगवेगळ्या वंशगटांतून जास्त-कमी आले किंवा नातेवाईक मिसळले, मग आजाराशी काही संबंध नसलेले एसएनपीही वर येतात. दुसरं म्हणजे गुणधर्मच हजारो एसएनपींचा आहे, उंचीसारखा, आणि नमुना मोठा आहे, तेव्हा खरे बारीक परिणामच मीडियन वर ढकलतात. लॅम्डाला या दोन्हीतला फरक कळत नाही, म्हणून मोठ्या अभ्यासात 1.10 बघून घाबरायचं नाही, आणि डोळे झाकून भागलं तर खरी शिखरंही बुटकी होतात.

फरक करायला एलडी स्कोअर रिग्रेशन आहे, 2015 चं. ज्या एसएनपीसोबत वारशात येणारे शेजारी जास्त त्याच्या वाट्याला खरा परिणाम जास्त यायची शक्यता, वंशगटांच्या सरमिसळीचा फुगवटा मात्र साधारण सगळ्यांना सारखाच, त्यामुळे तो इंटरसेप्टमध्ये दिसतो. समजा सरासरी काय-स्क्वेअर 1.20 आणि इंटरसेप्ट 1.02, तर 0.02 भागिले 0.20, म्हणजे फुगवट्यातला दहावा हिस्साच संशयास्पद, बाकीचा खरा. इंटरसेप्ट 1.15 आला असता तर मी त्या पेपरातल्या रेषेला चिकटलेल्या शिखरांवर विश्वास ठेवला नसता, आधी प्रिन्सिपल कंपोनंट घेऊन किंवा मिक्स्ड मॉडेल लावून पुन्हा चालवायला सांगितलं असतं. तुमच्या पेपरात नुसता लॅम्डा दिलाय की इंटरसेप्टही, ते सप्लिमेंटमध्ये बघा, बहुतेक तिथेच लपलेला असतो.