आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"दादा, गणिताचे मार्क बघून आजी म्हणाली, 'आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल?' आड म्हणजे मागे ना, झाडाच्या आड? मग आडात काय नाही?" – दहावीची विद्यार्थिनी, परभणी

झाडाआडचा आड वेगळा, आजीचा आड वेगळा. आजीचा आड म्हणजे अरुंद, गोल, खोल विहीर, जुन्या वाड्यात किंवा गल्लीत असायची ती. शेतातल्या विहिरीसारख्या हिला पायऱ्या नसतात. काठावर उभं राहून दोराला बांधलेलं भांडं खाली सोडायचं आणि पाणी वर ओढायचं. या ओढण्याला 'शेंदणं' म्हणतात आणि त्या भांड्याला पोहरा. 'इकडे आड तिकडे विहीर' मधला आडही हाच.

आडात पाणी असलं की पोहरा कलंडतो, गुडगुडत भरतो आणि दोर हाताला जड लागतो. नसलं की तळाच्या दगडावर ठण्ण वाजतं आणि दोर एकदम ढिला पडतो. मग कितीही वेळा सोडा, पोहरा रिकामाच येणार. जे मुळातच नाही ते बाहेर कुठून येईल, एवढंच ही म्हण विचारते.

आपल्याकडचंच उदाहरण घे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरकर कोरड्या नळाकडे बघून वैतागत होते. नळाची तोटी बदलून किंवा नवा पाइप टाकून उपयोग नव्हता, कारण शहराला पाणी देणारं मांजरा धरणच आटलं होतं. धरण म्हणजे आड, नळ म्हणजे पोहरा. शेवटी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, म्हणजे दुसऱ्याच्या आडातलं.

आता तुझ्या गणिताचं. इथे आजीशी माझं थोडं भांडण आहे. धडा वाचलाच नसशील तर म्हण चपखल बसते. पण घरी गणित सुटतं आणि पेपरात हात थरथरतो, असं असेल तर आडात पाणी आहे, दोर तेवढा आखूड पडतोय. तिथे ही म्हण लागू होत नाही. हा फरक न करता लेकरांना सरसकट ऐकवतात, ते मला पटत नाही. (आजीला हे माझं नाव सांगून सांगू नको.)

लिहिताना 'पोहर्यात' नको. पोहरा, पोहऱ्यात. त्या ऱ्यावर रफार येत नाही.

उद्या 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. आजीकडून पाण्याची, विहिरीची, मोटेची आणखी एक म्हण काढून घे आणि मला पाठव. बाकीच्यांनीही पाठवा. नुसती म्हण नको, घरात कोण कुणाला कशावरून म्हणालं तेही लिहा. पोहरा अजून कुणाच्या माळ्यावर पडलेला असेल तर त्याचा फोटोही चालेल.