मोत्या मातीखालून भुंकतो ते स्वप्न

प्रश्न: आमचा मोत्या अकरा वर्षांचा होता. किडन्या गेल्या, क्रिएटिनिन ११ च्या वर होतं. शेवटी डॉक्टरांना घरी बोलावून सुई दिली. पहिल्या सुईनं तो घोरायला लागला. दुसऱ्या सुईनंतर डोळे उघडेच राहिले, आणि थोड्या वेळानं त्यानं दोनदा मोठा श्वास घेतला. संध्याकाळी बांधावर पुरला. पाय ताठ झाले होते म्हणून खड्डा वाढवावा लागला. आता रोज पहाटे स्वप्न पडतं, तो मातीखालून भुंकतोय आणि मी हातानं उकरतोय. आम्ही त्याला जिवंत पुरलं का? आत्या म्हणते, त्याचा जीव अडकलाय. हे कसं थांबेल? (ता. चोपडा)

उत्तर:

नाही, मोत्या जिवंत नव्हता. मी जळगाव जिल्ह्यातच सरकारी दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर होतो, आता निवृत्त आहे. ही सुई मी स्वतः दिलेली आहे आणि "साहेब, त्यानं श्वास घेतला हो!" हे घाबरलेलं वाक्य बऱ्याच ओट्यांवर ऐकलेलं आहे. म्हणून त्या दोन श्वासांचं आधी सांगतो, स्वप्नाचं नंतर.

पहिली सुई गुंगीची. मोत्या घोरायला लागला म्हणजे ती नीट लागली होती, आणि त्यापुढचं काही त्याला कळलेलं नाही. दुसरी सुई शिरेतून देतात. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात त्याच जातीचं औषध, पण डोस फार मोठा. त्यानं आधी मेंदूचा जाणिवेचा भाग बंद पडतो, मग श्वास थांबतो आणि काही मिनिटांत हृदय. मेंदूच्या बुडाशी, मानेला लागून जो भाग असतो तो सगळ्यांत शेवटी विझतो आणि विझताना छातीच्या स्नायूंना एखाद-दुसरा झटका देऊन जातो. तोंड उघडतं, छाती वर येते, बघणाऱ्याला वाटतं श्वास घेतला. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं असं होऊ शकतं. कधी कातडी थरथरते, कधी लघवी होते. हे सगळं आधीच सांगून ठेवायचं असतं. बरेच डॉक्टर सांगत नाहीत, आणि घरचे लोक पुढे वर्षभर त्या एका झटक्याचा अर्थ लावत बसतात.

डोळ्यांचंही तसंच. पापणी मिटायला स्नायूला काम करावं लागतं. मेल्यावर स्नायू सैल पडतो, म्हणून कुत्र्याचे डोळे बहुतेक वेळा उघडेच राहतात; हातानं मिटवले तरी पुन्हा उघडतात. तो तुमच्याकडे बघत नव्हता.

आणि सगळ्यांत पक्का पुरावा तुम्हीच लिहून दिलाय. पाय ताठ झाले होते म्हणून खड्डा वाढवावा लागला. स्नायू आखडल्यावर परत सैल व्हायलाही शरीराला शक्ती खर्चावी लागते. मेल्यावर ती तयार होणं थांबतं, साठा काही तासांत संपतो आणि स्नायू आहे तसा धरून बसतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. जिवंत कुत्रा कितीही बेशुद्ध असला तरी त्याचे चारही पाय असे लाकडासारखे होत नाहीत. ज्यानं खड्डा वाढवला त्याला विचारा, पाय दुमडून पाहिला होता का आणि दुमडला का. त्याच्या तोंडून ऐका, माझ्यावर विसंबू नका.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच: आधी नेलं असतं तर वाचला असता का? किडनीचा घात असा की साधारण चारातले तीन भाग निकामी होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढतच नाही. कुत्र्यात ते दीडच्या आसपास असलं तर ठीक, पाचच्या वर गेलं की शेवटची पायरी समजतात. मोत्याचं अकराच्या वर होतं. पाणी जास्त पिणं, लघवी जास्त होणं ही पहिली लक्षणं, आणि मे महिन्यात चोपड्यात कोणतं कुत्रं पाणी जास्त पीत नाही? गोचिडांचा ताप अंगात मुरून किडन्या जाणं मी आपल्या भागात पुष्कळ पाहिलंय. तो ताप महिनोन् महिने लपून राहतो. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि तो उशीर घरच्यांनी केलेला नसतो.

आता स्वप्न. झोपेत ज्या टप्प्यात ठळक स्वप्नं पडतात तो टप्पा रात्रीच्या पूर्वार्धात थोडा वेळ येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. शिवाय पहाटे जाग चटकन येते, आणि स्वप्न चालू असताना जाग आली तरच ते लक्षात राहतं. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात त्याचं मूळ इथेच असावं. झोपेत बाहेरचा आवाजही स्वप्नात मिसळतो. पहाटे गल्लीतली कुत्री भुंकतात का, ते एक-दोन दिवस घरच्यांना लक्ष ठेवायला सांगा.

मेलेलं माणूस किंवा जनावर स्वप्नात परत जिवंत दिसणं हा अशा स्वप्नांचा एक नेहमीचा प्रकार आहे. डियर्ड्रे बॅरेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ मध्ये मृतांच्या स्वप्नांची वर्गवारी मांडली, तीत हा प्रकार आहे. जागेपणीही असंच होतं. वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरनं १९७१ मध्ये छापलेल्या पाहणीत जोडीदार गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी सांगितलं होतं की गेलेलं माणूस आसपास असल्याचं जाणवतं. कुत्रा गेलेल्या घरांतही लोक मला सांगतात की फरशीवर नखं वाजल्यासारखी वाटतात, भाकरी मोडताना हात आपोआप खाली जातो. याला वेड म्हणत नाहीत.

तुमचं स्वप्न मात्र वेगळं आहे. ते रोज त्याच जागी येऊन अडतं. मन "जिवंत होता का" हा प्रश्न रोज उकरतं आणि उत्तर मिळायच्या आत तुम्ही जागे होता. अशा एकसारख्या वाईट स्वप्नांवर एक साधी पद्धत आहे. बॅरी क्राकाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अत्याचार सोसलेल्या बायकांवर ती तपासली होती आणि त्यांची दुःस्वप्नं कमी झाली होती. आधी स्वप्न कागदावर लिहायचं. मग ते कुठेही, हवं तसं बदलायचं. आणि बदललेलं स्वप्न दिवसा, जागेपणी, दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं, रोज. जुनं स्वप्न घोळवत बसायचं नाही.

२०२२ च्या लम्पीच्या साथीत रावेरकडच्या एका केळीवाल्यांची गाय गेली. त्या घरच्या ताईंना स्वप्न पडायचं: गायीच्या मानेला सूज, ती हंबरतेय आणि यांच्या हातून दाव्याची गाठ सुटत नाहीये. मी त्यांना ओळखीच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी हीच पद्धत दिली. ताईंनी आधी लिहिलं, "गाय बरी झाली." डॉक्टर म्हणाले, तसंही चालतं, पण गाठीचं काय? मग त्यांनी लिहिलं की त्या विळा आणतात, दावं कापतात, गाय हौदावर जाऊन पाणी पिते आणि ओलं तोंड त्यांच्या पदराला पुसते. दुपारची भांडी झाली की ओसरीवर बसून त्या हे डोळ्यांसमोर आणायच्या. स्वप्न एका रात्रीत गेलं नाही. आधी विरळ झालं, मग गाठ सुटायला लागली. गाय पुढेही कधीमधी स्वप्नात यायची, गोठ्यात रवंथ करत. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

तुमच्यासाठी बदल तुम्हीच निवडा. भुंकणं मागून येतंय, तुम्ही वळता आणि मोत्या बांधावर उभा आहे, हात मातीत घालायची गरजच नाही, असं काही चालेल. फक्त वास, आवाज, अंगाचा स्पर्श असं बारीकसारीक त्यात भरा. नुसतं "सगळं छान झालं" लिहून उपयोग होत नाही.

आत्याबाईंचं. शांती करून घरच्यांना बरं वाटत असेल तर करा, पण भीतीपोटी किंवा उधारी काढून नको. जनावराला आपल्याकडे दहावं-तेरावं नाही. माणूस गेलं की लोक बसायला येतात, कडू घास पाठवतात, कुत्रा गेला की "कुत्रासाठे कोनी रडस का?" म्हणून मोकळे होतात. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही त्यावर केनेथ डोका नावाच्या अभ्यासकानं १९८९ मध्ये पुस्तकच काढलं. आणि आपण तरी किती दुटप्पी! पोळ्याला बैलापुढे पुरणपोळी ठेवून पाया पडतो, आणि अकरा वर्षं दार राखणाऱ्या कुत्र्यासाठी डोळे पुसायला न्हाणीत जातो. माझ्या ओळखीचं एक घर आखाजीला पितरांच्या घागरीशेजारी गेलेल्या बैलासाठी एक छोटा लोटा भरतं. भटजींनी कधी हरकत घेतली नाही. तुम्हाला असं काही करावंसं वाटलं तर कुणाला विचारू नका.

खड्डा उघडून बघायचा विचार मात्र करू नका. जे दिसेल ते या स्वप्नापेक्षा वाईट असेल. शिवाय त्या सुईचं औषध शरीरात बराच काळ टिकतं. दुसऱ्या कुत्र्यानं किंवा कोल्ह्यानं उकरून खाल्लं तर त्याला विषबाधा होऊ शकते. माती खचली असेल तर वरून आणखी माती टाका, मोठे दगड रचा, त्यावर बाभळीच्या काट्या टाका. वर माती असावी निदान तीन-चार फूट.

झोप लागावी म्हणून रात्री दारू घेत असाल तर ती थांबवा. सुरुवातीला ती स्वप्नं दाबते आणि पहाटे ती दुप्पट जोरानं येतात. रोजच्या पिणाऱ्यानं मात्र एकदम न सोडता डॉक्टरांना विचारून सोडावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही स्वप्नं भडक होतात. अलीकडे नवी गोळी सुरू झाली असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतः बंद करू नका. महिनाभर वरची पद्धत करूनही झोप मोडतच राहिली किंवा जेवण तुटलं, तर मदत घ्या. आपणही जावं असा विचार मनात आला, तर महिनाभरही थांबू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. "कुत्रा गेला म्हणून फोन केलाय" असं सरळ सांगा.