करार आणि दुरुस्त्यांसाठी घरमालकांकडे भेटीची वेळ मागणारा ईमेल

प्रश्न: "आमचा भाडेकरार ३० नोव्हेंबरला संपतोय. पुढेही इथेच राहायचं आहे. पण बेडरूमच्या भिंतीला ओल आलीये, स्वयंपाकघरातला नळ गळतोय, आणि फोनवर सांगूनही काही झालेलं नाही. घरमालकांना ईमेल करून भेटायची वेळ मागायची आहे. काय लिहू? भाडं वाढवू नका हेही त्यातच लिहू का?"

भाड्याचा विषय या ईमेलमध्ये आणू नका. आकडा दिसला की मालक आधी त्याचंच उत्तर देतात आणि ओल बाजूला पडते. भेट ठरली आणि ती कशासाठी आहे ते दोघांना नीट कळलं, की या ईमेलचं काम झालं. भाड्याचं बोलणं समोरासमोर करा, तेही भिंत दाखवून झाल्यावर.

लिहायला बसण्याआधी करार काढून नोटिशीचं कलम वाचा. कराराची मुदत संपण्याच्या किती आधी कळवायचं, हे बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं. समजा दोन महिने असेल, तर तुमची खरी तारीख ३० सप्टेंबर आहे, नोव्हेंबर नव्हे. भेट त्याआधी व्हायला हवी. दुरुस्तीचं जमलं नाही तर घर सोडण्याचा पर्याय तोपर्यंतच मोकळा असतो.

आता ओलीचं. नुसतं "भिंतीला ओल आहे" असं लिहिलं की उत्तर येतं, "उन्हाळ्यात सुकेल." म्हणून आधी थोडं निरीक्षण करा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून बाजूला तारीख टाका आणि फोटो काढा. आठवड्याने डाग रेघेबाहेर गेला असेल, तर ओल वाढतेय हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर तीन-चार दिवस तिथे आंघोळ टाळता येते का बघा. डाग फिका पडू लागला तर पाणी बहुधा फरशीच्या सांध्यांतून किंवा सांडपाण्याच्या पाइपातून झिरपतंय. तसाच राहिला तर भिंतीतल्या पाण्याच्या पाइपावर संशय घ्यावा, पण खात्री धरू नका, कारण जाड भिंत सुकायला आठवडेही लागतात. घराला स्वतंत्र मीटर असेल तर सगळे नळ बंद करून तासभर पाहा (गळका नळ त्याच्या खालच्या कॉकने बंद करा, नाहीतर काटा त्याच्यामुळेच फिरेल). तरीही काटा फिरला तर कुठेतरी पाणी गळतंय, बहुधा पाइपातून. ईमेलमध्ये जे दिसलं तेच लिहा, ओलीचं कारण प्लंबरला ठरवू द्या.

मी असं लिहीन:

विषय: करार नूतनीकरण व दुरुस्त्या – भेटीसाठी वेळ हवी

नमस्कार,

आपला करार ३० नोव्हेंबरला संपत आहे. आम्हाला पुढेही इथेच राहायला आवडेल. त्याबद्दल आणि बाकी राहिलेल्या दोन दुरुस्त्यांबद्दल भेटून बोलावं असं वाटतं.

बेडरूमच्या बाथरूमकडील भिंतीवर जमिनीपासून साधारण दोन फुटांपर्यंत ओल आहे. ६ सप्टेंबरला खूण केली होती, आज डाग तिच्या चार बोटं वर गेला आहे. स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद करूनही ठिबकतो. दोन्हींचे फोटो जोडले आहेत. यांबद्दल ऑगस्टमध्ये आपलं फोनवर बोलणं झालं होतं.

शनिवार २० किंवा रविवार २१ सप्टेंबरला सकाळी १० ते १ मध्ये घरी येणं जमेल का? जमणार नसेल तर २८ तारखेच्या आतली आपल्या सोयीची वेळ कळवा. प्लंबर सोबत आला तर तेव्हाच अंदाज घेता येईल.

आपला,
(नाव, घर क्रमांक, फोन)

भेट घरीच आणि दिवसाउजेडी मागितली आहे, कारण ओल डोळ्यांनी पाहणं आणि तिच्याबद्दल फोनवर ऐकणं यांत फार फरक पडतो. फोनवरच्या बोलण्याचा उल्लेख एका वाक्यात आणि तक्रारीचा सूर न लावता केलाय. तेवढ्यानं नोंद होते. "कितीदा सांगितलं" असं लिहिलंत तर मालक आधी स्वतःची बाजू मांडायला लागतील. राहायचं आहे हे मात्र सुरुवातीलाच सांगा. टिकणाऱ्या भाडेकरूसाठी खर्च करायला मालक सहसा तयार होतात.

चार दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा आणि नुसतं "ईमेल पाहिलात का, शनिवार जमेल का?" एवढंच विचारा. भिंतीतून पाणी वाहू लागलं किंवा ओल विजेच्या बोर्डापर्यंत पोचली, तर भेटीची वाट पाहू नका. मेन स्विच बंद करून लगेच फोन करा. मेन स्विचच ओला झाला असेल तर त्याला हात लावू नका.

भेट झाली की त्याच संध्याकाळी याच ईमेलला उत्तर म्हणून काय ठरलं ते लिहा: कोणतं काम, कोणाच्या खर्चाने, कोणत्या तारखेपर्यंत. दुरुस्ती सही करण्याआधी होणार नसेल, तर ती तारीख नव्या करारात घालून घ्या.