इंटर्नशिपचा परिच्छेद आणि एका तासाचा घोळ

प्रश्न: मास्टर्सच्या अर्जासाठी एसओपी लिहितोय, मर्यादा १००० शब्दांची आहे. मागच्या वर्षी बारा आठवडे परदेशात इंटर्नशिप केली. त्यावरचा परिच्छेद मित्राला दाखवला तर तो म्हणाला, "हे प्रवासवर्णन वाटतंय." तिथे मी खरंच काहीतरी शिकलो हे वाचणाऱ्याला दिसेल असं कसं लिहू?

उत्तर:

मित्राला धरून ठेवा, खरं बोलणारा वाचक सहज मिळत नाही. माझा पहिला मसुदा चार जणांनी वाचला आणि चौघांनीही "छान आहे" म्हणून परत दिला. पाचव्या वाचकानं, म्हणजे कॉलेजातल्या एका सीनियरनं, त्यात देशाचं नाव तीनदा आलं होतं तिथे तिन्ही ठिकाणी दुसऱ्याच देशाचं नाव घातलं आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. एकही वाक्य अडखळलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बारा आठवड्यांवर मी जे लिहिलं होतं, ते तिथे न जाताही लिहिता आलं असतं.

तो मसुदा साधारण असा होता (मूळ इंग्रजीत, पण भाषेचा इथे संबंध नाही): "नेदरलँड्समधल्या एका जलविज्ञान प्रयोगशाळेत काम करताना मला वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांशी संवाद साधण्याची संधी मिळाली. नवी संस्कृती जवळून अनुभवता आली, माझा आत्मविश्वास वाढला आणि दृष्टिकोन व्यापक झाला. भाषा वेगळी असली तरी माणसं सगळीकडे सारखीच असतात, हे मला उमगलं."

यातली क्रियापदं बघा: संधी मिळाली, अनुभवता आली, वाढला, झाला, उमगलं. मी स्वतः काही केलंय असं एकही क्रियापद नाही. सगळं माझ्यावर येऊन पडतंय आणि मी खिडकीशी बसून बघतोय. तुमच्या परिच्छेदातली क्रियापदंही अशीच अधोरेखित करून बघा. पर्यटन निबंधात शिरतं ते किल्ले आणि कालव्यांच्या वर्णनातून कमी, अशा क्रियापदांतून जास्त.

शेवटच्या वाक्याबद्दल थोडं वेगळं सांगायचंय, कारण ते मला तेव्हा फार प्रगल्भ वाटत होतं. मिल्टन बेनेट या अभ्यासकानं १९८६ साली परक्या संस्कृतीकडे बघण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. "वरवरचे फरक सोडले तर आपण सगळे एकच" ही त्यातली तिसरी पायरी. म्हणजे फरक दिसायला लागलाय, पण तो किरकोळ ठरवून माणूस आपल्या जुन्याच मोजपट्टीनं मोजतोय. चौथ्या पायरीपासून पुढे फरक खरा मानावा लागतो आणि मग आपलं वागणं बदलावं लागतं. मी ज्याला प्रवासाचं फलित समजत होतो ते शिडीच्या मध्यावर थांबणं होतं. याच्या उलट टोकाचं वाक्यही तितकंच फसवं असतं: "तिथली माणसं फार स्पष्टवक्ती असतात." हेही पर्यटनच आहे, फक्त कॅमेरा इमारतींवरून माणसांवर वळवलेला.

सीनियरनं मला एकच काम दिलं: निबंध बाजूला ठेव आणि त्या बारा आठवड्यांतले तुझे सगळे ईमेल काढून वाच. आठवणीवर विसंबू नको, आठवणी फार लवकर गुळगुळीत होतात. दुसऱ्या आठवड्यातला मेल आणि दहाव्या आठवड्यातला मेल शेजारी शेजारी ठेव, काय बदललंय ते बघ.

मी ठेवले. दुसऱ्या आठवड्यात मी गाइडला लिहिलं होतं: "सगळं व्यवस्थित चालू आहे. शुक्रवारपर्यंत पूर्ण होईल." दहाव्यातला मेल लांबलचक होता: कोणत्या ओळींबद्दल शंका आहे, माझा अंदाज काय, तो का चुकीचा असू शकतो, आणि तोवर मी काहीही बदललेलं नाही. ही दोन पत्रं एकाच माणसाची वाटत नव्हती. मधल्या काळात काय झालं, तोच माझा परिच्छेद होता.

झालं होतं असं. नदीवरच्या दोन केंद्रांच्या पाणीपातळीच्या नोंदी स्वच्छ करायचं काम माझ्याकडे होतं. वरच्या केंद्रावर पुराचा कळस आला की साधारण चार तासांनी तो खालच्या केंद्रावर दिसायचा. मार्चअखेरपासून मात्र तेच अंतर पाच तासांचं दिसायला लागलं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कारण सापडलं: युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. खालच्या केंद्राचं नोंदयंत्र ही वेळ आपोआप बदलत होतं, वरचं बदलत नव्हतं. मी ज्या देशातून गेलो होतो तिथे ही पद्धतच नाही, त्यामुळे मला ते लगेच सुचलं नाही. सुचल्यावर मी खालच्या केंद्राच्या त्या काळातल्या सगळ्या नोंदींतून एक तास वजा केला आणि कुणालाही काही बोललो नाही.

दुरुस्ती बरोबर होती. पण पुढच्या टप्प्यावर गटाचा जो प्रोग्राम चालायचा तो हाच फरक आधीपासून दुरुस्त करत होता. त्यामुळे तास दोनदा वजा झाला, चाराचे तीन झाले, आणि तीन आठवड्यांनी कुणीतरी विचारलं की उन्हाळ्यात नदी अचानक वेगानं का वाहतेय. मी सगळं सांगितल्यावर गाइडनं एवढंच विचारलं, "हे तुझ्या कधी लक्षात आलं होतं?" मी म्हणालो, तीन आठवड्यांपूर्वी. "मग मला आज का कळतंय?"

इथपर्यंत लिहून बरेच जण "आणि मी प्रामाणिकपणाचं महत्त्व शिकलो" असं म्हणून परिच्छेद बंद करतात. मीही केला होता. पण नुसती चूक सांगणं म्हणजे बदल सांगणं नाही. मधला दुवा राहतो, तो म्हणजे आपण तसं का वागलो. मी का गप्प होतो? भीती होतीच, पण तेवढंच नव्हतं. माझ्या डोक्यात हुशार विद्यार्थ्याची व्याख्याच अशी होती की त्यानं प्रश्न घेऊन जायचं नाही, उत्तर घेऊन जायचं. गुपचूप दुरुस्ती करणं मला कौशल्य वाटत होतं. त्या गटाच्या लेखी मात्र नोंद न ठेवता आकड्याला हात लावणं ही मोठी चूक होती, आकडा बरोबर असला तरी. "ते लोक थेट बोलतात" या वाक्यात हा फरक कुठेच मावत नाही. तो कामाबद्दलच्या समजुतीतला फरक होता आणि त्यात बदलायचं मला होतं.

दुसरा मसुदा मग असा झाला: "मार्चनंतरच्या नोंदींत एका तासाचा फरक दिसल्यावर मी तो न सांगता दुरुस्त केला. गटाचा प्रोग्राम तो आधीच दुरुस्त करत असल्यामुळे तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं. प्रश्न विचारणं म्हणजे अज्ञान दाखवणं, अशी माझी समजूत होती. त्यानंतर मी प्रत्येक बदलाची नोंदवही ठेवू लागलो: कोणत्या ओळी, काय बदललं, का बदललं, कुणी तपासलं. परतल्यावर अंतिम वर्षाच्या प्रकल्पात पहिल्याच आठवड्यात ही वही सुरू केली. उपग्रहानं मोजलेल्या पावसाची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत आणि केंद्राची स्थानिक वेळेत आहे, हे त्यामुळे विश्लेषणाआधीच गटापुढे आलं."

यातलं सर्वात वजनदार वाक्य परतल्यानंतरचं आहे. तिथे असताना सगळेच शहाण्यासारखे वागतात, कारण आजूबाजूचे तसे वागत असतात. कुणी बघत नसताना, आपल्या जुन्या जागी, ती सवय टिकली का, हा वाचणाऱ्याचा खरा प्रश्न असतो. म्हणून जागा वाटताना मी घटनेला कमी आणि नंतरच्या वागण्याला जास्त देतो. तुमच्या १००० शब्दांत या भागाला २५० ते ३०० पुरे झाले. त्यातले ऐंशीएक शब्द घटनेचे, दोनतीन वाक्यं कारणाची, उरलेले नंतरचे. विमानतळ, थंडी, पहिला दिवस यांना शून्य.

दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, गोष्ट चटकदार व्हावी म्हणून चूक फुगवली जाते. बहुधा याच गाइडचं शिफारसपत्र तुमच्या अर्जासोबत जाणार असतं. तिच्या पत्रात जो प्रसंग किरकोळ आहे तो तुमच्याकडे प्रलयासारखा आला तर दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात. मी मसुदा तिला आधी दाखवला, तिनं एक विशेषण काढायला सांगितलं, मी काढलं. दुसरं, बदलाचा आकार. बारा आठवड्यांत माणूस नवा होत नाही. "मी नोंदवही ठेवू लागलो" यावर विश्वास बसतो. "मी पूर्ण बदलून गेलो" यावर वाचणारा फक्त पान उलटतो.

आणि ईमेल शेजारी ठेवूनही फरक दिसला नाही तर? असंही होतं, त्यात लाज नाही. काम सरळ झालं, कुठे काही अडलं नाही. तेव्हा इंटर्नशिप सीव्हीत दोन ओळींत लिहा, काय केलं आणि हाती काय दिलं एवढंच, आणि निबंधातली जागा दुसऱ्या कामाला द्या, मग ते काम घराशेजारच्या खोलीत झालेलं असलं तरी. फक्त परदेशात घडलं म्हणून परिच्छेद ओढत नेला तर तुमचा मित्र पुन्हा तेच म्हणेल.

माझ्या मुलाखतीत तिथल्या देशाबद्दल, माणसांबद्दल एकही प्रश्न आला नाही. एका प्राध्यापकांनी विचारलं, "ऑक्टोबरमध्ये घड्याळ मागे जातं तेव्हा दोन ते तीन हा तास दोनदा येतो. त्या नोंदींचं काय केलंस?" मी म्हणालो, आधी त्या ओळी पुनरावृत्ती समजून काढून टाकणार होतो. मग वहीत प्रश्न म्हणून लिहिल्या, गाइडला विचारलं, आणि दोन्ही ठेवल्या.