रजा ‘मिळावी’ म्हणजे इंग्रजीत काय?

प्रश्न : ‘रजेचा अर्ज मनात मराठीतच जुळतो : वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तरी 10 ते 12 तारखेपर्यंत रजा मिळावी ही विनंती. इंग्रजीत नेला की एक वाक्य हुकमी वाटतं, दुसरं लाचार. “मिळावी”ला शब्द कोणता?’

एका शब्दात सापडणार नाही. ‘मिळावी’मध्ये कर्ता रजा आहे. देणारे साहेब वाक्यात कुठे दिसतच नाहीत आणि मागणाराही आडोशाला उभा असतो. आपली अदब त्या ‘-आवी’त आहे. इंग्रजीत बहुतेक वेळा ‘कोणी’ ते सांगावं लागतं, म्हणून मी पहिल्या नोकरीत बेधडक ‘स्टिल आय शुड गेट लीव्ह’ असं लिहिलं होतं. वरिष्ठांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, ‘हक्क सांगताय का?’ ‘शुड गेट’चा अर्थ ‘मिळायलाच हवी’कडे झुकतो. शिवाय अर्जातला ‘तरी’ म्हणजे ‘तेव्हा, म्हणून’. तो ‘असं असूनही’वाला ‘तरी’ नाही. त्यामुळे ‘स्टिल’ तर साफ चुकलं. तिथे साधं ‘सो’ पुरतं.

हुकूम टाळायला गेलो की लाचारी येते : ‘आय रिक्वेस्ट यू टु काइंडली प्लीज ग्रँट’. मराठीत ‘कृपया’ आणि ‘ही विनंती’ एका वाक्यात सुखाने नांदतात. इंग्रजीत मात्र त्यांची बेरीज होते आणि माणूस हात जोडून उभा असल्यासारखा वाटतो. तिथे अदब एकदाच, मागणीच्या क्रियापदात घालायची, आणि बाकीची वाक्यं सरळ ठेवायची. तुमचा अर्ज मी असा लिहीन :

‘माय फादर इज हॅविंग अ कॅटरॅक्ट ऑपरेशन ऑन द इलेव्हन्थ, सो आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड अप्रूव्ह माय लीव्ह फ्रॉम द टेन्थ टु द ट्वेल्फ्थ, बोथ डेज इन्क्लुडेड. आय विल बी बॅक ऑन द थर्टीन्थ.’

‘मिळावी’चं सगळं वजन ‘वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड’ने उचललं. शेवटचं ‘विल’ कोरडं आहे आणि ते तसंच हवं, कारण ती विनंती नाही, माहिती आहे. ‘बोथ डेज इन्क्लुडेड’ मात्र गाळू नका. नाहीतर 12 तारखेला कामावर यायचं की नाही, यावर फोन येतो.

सूर बिघडतो तो बहुतेक वेळा दोन टोकांना. वर ‘हाय’ आणि खाली ‘युअर्स फेथफुली’, म्हणजे ‘काय रे’ने सुरू करून ‘आपला विश्वासू’ने संपवणं. ब्रिटिश रिवाजात ‘डिअर सर’ला ‘फेथफुली’ आणि नावानिशी ‘डिअर’ला ‘सिन्सिअरली’ जोडतात. रोजच्या ओळखीच्या मॅनेजरला मेल असेल तर वर नुसतं नाव, खाली ‘रिगार्ड्स’, आणि मधलं वाक्यही एक पायरी उतरवा : ‘कुड आय टेक लीव्ह’.