नवीन ब्रॉडबँड घेण्याआधी काय तपासावं?

प्रश्न: ठाण्यात घोडबंदर रोडला सोसायटीत राहतो. सध्याचं नेट रात्री रखडतं. दुसरी कंपनी घ्यायची तर आधी काय बघू?

आधी तुमच्याच विंगमध्ये त्या कंपनीचं कनेक्शन असलेला शेजारी गाठा आणि रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान त्याच्याकडे स्पीड मोजा. त्या वेळी अख्खी इमारत नेटवर असते, त्यामुळे कमी क्षमतेच्या लाइनचं पितळ तेव्हाच उघडं पडतं. दुपारचा आकडा काही सांगत नाही. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडूनच मोजा, कारण वायफायवर भिंतींमुळे आकडा घसरतो. २०० एमबीपीएसच्या प्लॅनवर तो ९४-९५ला अडकून बसला, तर बहुधा केबल किंवा पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे, दोष लाइनचा नाही. शेजाऱ्याला एवढं जरूर विचारा: लाइट गेल्यावर, राउटर यूपीएसवर असूनही नेट जातं का? जात असेल तर बहुतेक फायबर घरापर्यंत न येता डक्टमधल्या किंवा गच्चीवरच्या स्विचपर्यंतच, म्हणजे घराघरांत नेट वाटणाऱ्या विजेवरच्या डब्यापर्यंतच आलंय आणि त्याला बॅकअप नाही.

मग अटी. ‘इन्स्टॉलेशन फ्री’ बहुतेकदा सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यावरच मिळतं. समजा ४९९चा प्लॅन सहा महिन्यांसाठी घेतला: २,९९४ अधिक १८% जीएसटी, म्हणजे सुमारे ३,५३३ रुपये. दोन महिन्यांत सोडलात तर उरलेल्याचा परतावा मिळतो का, राउटरचं डिपॉझिट कधी परत येतं आणि डेटा मर्यादा संपल्यावर स्पीड किती उरतो, हे लेखी घ्या. शक्य असेल तर पहिला महिना मासिक प्लॅनवरच काढा, इन्स्टॉलेशनचे पैसे गेले तरी चालतील. जुनं कनेक्शन तोवर तोडू नका.

मात्र शेजाऱ्याचा निकाल त्याच विंगपुरता धरा. पलीकडच्या विंगची लाइन वेगळ्या स्विचवरून आलेली असू शकते.